आधी नोंदणी, मग पोस्ट

नवा गृहप्रकल्प येतोय हे आता चौकातल्या होर्डिंगच्याही आधी मोबाइलवर कळतं. इन्स्टाग्रामवर पंधरा सेकंदांचं रील येतं, फेसबुकवर पोस्ट येते आणि संध्याकाळपर्यंत तेच चित्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागतं. पोस्ट करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती लिहिणारा अनेकदा तिला हलक्यात घेतो. कायदा मात्र तिला हलक्यात घेत नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो त्यात, जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातली आणि कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी इतकी रुंद आहे. पानभर वर्तमानपत्री जाहिरात आणि 24 तासांनी नाहीशी होणारी स्टोरी, दोन्ही त्यात सारख्याच बसतात.

फ्लॅटच्या जाहिरातीत फसवणूक होते ती बहुतेक वेळा धडधडीत खोटं बोलून होत नाही. ती होते अर्धवट बोलून. आकडा खरा असतो, पण तो कशाचा हे सांगितलेलं नसतं. क्लबहाउस होणार असतं, पण कधी आणि कुणाच्या पैशाने हे गाळलेलं असतं. म्हणून एका पोस्टचा मसुदा घेऊन तो ओळीओळीने तपासू. प्रकल्प काल्पनिक आहे, पण यातली प्रत्येक ओळ पुण्या-मुंबईच्या वाचकाने कुठे ना कुठे वाचलेली असेल.

समजा, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत पुनावळ्याला दोन इमारतींचा प्रकल्प उभा राहतोय. बिल्डरच्या कार्यालयातून आलेला मसुदा असा:

"पुनावळ्यात भव्य प्रीलाँच! 1050 स्क्वेअर फुटांचा प्रशस्त 2 बीएचके फक्त 69 लाखांत*. हिंजवडी 10 मिनिटांवर. क्लबहाउस, स्विमिंग पूल आणि 40 हून अधिक सुविधा. रेरा मान्यताप्राप्त. ताबा डिसेंबर 2028. 3 वर्षांत किंमत दुप्पट. शेवटचे 7 फ्लॅट शिल्लक, आजच टोकन भरा! *अटी लागू."

'प्रीलाँच' या शब्दापाशीच थांबायचं

रेरा कायद्याचं कलम 3 सांगतं की, प्रकल्पाची नोंदणी होईपर्यंत त्याची जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विकायचा नाही आणि लोकांना घ्यायला बोलवायचंही नाही. 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसलेल्या जमिनीवरचे किंवा आठपेक्षा जास्त सदनिका नसलेले छोटे प्रकल्प यातून वगळले आहेत. बाकीच्यांना नोंदणीशिवाय पर्याय नाही. नोंदणी न करणाऱ्याला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. 40 कोटींचा प्रकल्प असेल तर ही रक्कम 4 कोटींपर्यंत जाते.

'अर्ज केलाय, नंबर येईलच' हे कार्यालयात हमखास ऐकू येतं. पण अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे. निर्णयासाठी प्राधिकरणाला 30 दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत 'लवकरच येत आहे, इच्छुकांनी नावं नोंदवा' अशी पोस्ट टाकणं म्हणजे लोकांना घ्यायला बोलवणंच झालं. प्रकल्पाचं नाव न घेता 'पुनावळ्यात काहीतरी मोठं येतंय' असं लिहून खाली फोन नंबर दिला, तरी हेतू तोच राहतो. नंबर हातात येईपर्यंत फोटोग्राफी करा, मसुदे तयार ठेवा, पण बटण दाबू नका.

'रेरा मान्यताप्राप्त' हीसुद्धा अडचणीची ओळ आहे. महारेरा प्रकल्पाची नोंदणी करतं, त्याच्या दर्जावर शिक्का मारत नाही. 'मान्यताप्राप्त' वाचून लोकांना वाटतं की सरकारने प्रकल्प तपासून 'उत्तम' ठरवलाय. नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचं भासवणं हा कायद्याने अनुचित व्यवहार ठरवला आहे आणि तो नोंदणी रद्द होण्याचं कारण होऊ शकतो. 'महारेरा नोंदणी क्रमांक' एवढंच लिहून पुढे तो क्रमांक द्यावा.

पोस्ट लिहिताना ब्रोशर मिटवा

नोंदणी झाली की प्रकल्पाचं एक स्वतंत्र पान महारेराच्या संकेतस्थळावर तयार होतं. इमारती किती, मंजूर मजले किती, प्रत्येक सदनिकेचं कार्पेट क्षेत्र किती, पूर्णत्वाची तारीख कोणती, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, करारनाम्याचा मसुदा काय, हे सगळं तिथे असतं. पोस्ट लिहिणाऱ्याने शेजारी ब्रोशरऐवजी हे पान उघडून बसावं. आपल्या मसुद्यातल्या चार ओळी या पानाशी ताडून पाहू.

पहिली ओळ क्षेत्रफळाची. पानावर या 2 बीएचकेचं कार्पेट क्षेत्र 68 चौरस मीटर, म्हणजे 732 चौरस फूट आहे, आणि बाल्कनी वेगळी 5 चौरस मीटर, म्हणजे 54 चौरस फूट. मग 1050 कुठून आले? जिना, लिफ्ट, पॅसेज आणि बाहेरच्या भिंती यांचा वाटा मिळवून केलेलं ते 'सेलेबल' क्षेत्र आहे. कायद्याच्या व्याख्येत कार्पेट क्षेत्र म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. रेरा आल्यापासून व्यवहार कार्पेट क्षेत्रावरच व्हायला हवा. पोस्टमध्ये 732 हाच आकडा जावा आणि बाल्कनीचा आकडा त्यात न मिळवता बाजूला लिहावा. 1050 वाचून आलेला माणूस घरी टेप लावेल तेव्हा त्याला 318 चौरस फूट कमी भरणार आहेत.

दुसरी ओळ ताब्याची. महारेराच्या पानावर पूर्णत्वाची तारीख समजा 30 जून 2030 आहे आणि पोस्ट म्हणतेय डिसेंबर 2028. बिल्डरची बाजू अशी असते की, आमचं लक्ष्य 2028 आहे, 2030 ही फक्त सुरक्षित तारीख. पण भाड्याच्या घरात राहणारं कुटुंब डिसेंबर 2028 वाचून भाडं आणि हप्ता एकत्र किती महिने भरावा लागेल याचा हिशेब मांडतं. त्या हिशेबात दीड वर्षाची चूक म्हणजे अठरा भाडी. पोस्टमध्ये नोंदवलेलीच तारीख द्यावी. काम लवकर झालं तर ग्राहकाला आनंदच होईल.

तिसरी ओळ सुविधांची, आणि इथे दोन इमारतींचा घोळ समोर येतो. महाराष्ट्रात एकाच आवारातल्या वेगवेगळ्या इमारतींची किंवा टप्प्यांची नोंदणी वेगवेगळी करता येते. आपल्या प्रकल्पात ए इमारतीची नोंदणी झाली आहे, बी इमारतीची व्हायची आहे. क्लबहाउस आणि पूल बी इमारतीच्या पोडियमवर आहेत. म्हणजे आज विक्रीला काढलेल्या फ्लॅटच्या नोंदणीत ते नाहीतच. ए इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला पूल दिसायला दुसरा टप्पा मंजूर होऊन, नोंदवून, बांधून पूर्ण व्हावा लागेल. अशा वेळी एकतर ही सुविधा पोस्टमधून काढावी, नाहीतर 'क्लबहाउस व जलतरण तलाव पुढील टप्प्यात, त्याची नोंदणी अद्याप झालेली नाही' असं त्याच ओळीत, त्याच अक्षरांत लिहावं. मी पहिला पर्याय निवडेन. ज्या टप्प्याची नोंदणी नाही त्याचं आकर्षण दाखवून नोंदणी झालेला टप्पा विकणं लिहून दिल्यानेही सरळ होत नाही. आणि '40 हून अधिक सुविधा' या आकड्याची यादी मागितली की त्यात बाक, दिवे आणि सिक्युरिटी केबिनही निघतात. चार सुविधा नावानिशी लिहिलेल्या बऱ्या.

चौथी ओळ 'शेवटचे 7 फ्लॅट'. किती सदनिका बुक झाल्या याची माहिती बिल्डरला दर तीन महिन्यांनी महारेराच्या पानावर भरावी लागते. म्हणजे 48 पैकी 39 सदनिका तिथे रिकाम्या दिसत असताना पोस्टवर 7 शिल्लक असतील तर खोटेपणा कुणालाही दोन मिनिटांत कळतो. केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा खोट्या घाईला नाव देऊनच मनाई केली आहे.

किंमत: 69 लाख की साडेसत्याहत्तर?

'फक्त 69 लाखांत' यातली चांदणी तळाच्या 'अटी लागू' कडे बोट दाखवते आणि त्या अटी कुठेच लिहिलेल्या नसतात. हिशेब असा मांडता येतो. फ्लॅटची किंमत 69 लाख. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या सदनिकेवर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 3 लाख 45 हजार. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 83 हजार. नोंदणी शुल्क 30 हजार. बेरीज 77 लाख 58 हजार. खरेदी महिलेच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे 69 हजार वाचतात. देखभालीची आगाऊ रक्कम आणि सोसायटी स्थापनेचा खर्च याखेरीज असतो.

साडेआठ लाखांचा हा फरक लहान नाही. गृहकर्ज सहसा करारातल्या किमतीवर मिळतं, शुल्काची रक्कम खिशातून भरावी लागते. म्हणून दोन्ही आकडे पोस्टमध्येच यावेत. आणि '69 लाखांपासून' लिहायचं तर त्या किमतीचे फ्लॅट खरोखर विक्रीला असले पाहिजेत. तो दर फक्त पहिल्या तीन मजल्यांचा असेल तर तसं लिहावं. ते फ्लॅट संपले त्या दिवशी पोस्टमधला आकडा बदलावा.

'आजच टोकन भरा' लिहितानाही एक मर्यादा लक्षात ठेवायची. नोंदणीकृत विक्री करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. इथे ती मर्यादा 6 लाख 90 हजार. आणि प्रकल्पाचीच नोंदणी नसेल तर टोकन म्हणून एक रुपयाही घेता येत नाही.

'3 वर्षांत दुप्पट' ही ओळ सरळ खोडायची. पुढची किंमत कुणालाच माहीत नाही. 'हिंजवडी 10 मिनिटांवर' हे पहाटे पाचला खरं असेलही, पण सकाळी नऊला त्या रस्त्यावर असलेला प्रत्येक जण जाणतो की ते खरं नाही. मिनिटांऐवजी अंतर लिहावं: कुठून, कुठपर्यंत, रस्त्याने किती किलोमीटर. समजा साइटच्या गेटपासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत 6 किलोमीटर भरले, तर तेवढंच लिहायचं. रस्ता किंवा मेट्रो अजून व्हायची असेल तर 'काम सुरू' किंवा 'प्रस्तावित' म्हणावं आणि ते पूर्ण होण्याची तारीख बिल्डरने आपल्या तोंडून सांगू नये.

क्रमांक कुठे लिहायचा

महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळकपणे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात त्याच्या जोडीला क्यूआर कोडही द्यावा लागतो. 2025 मध्ये महारेराने जागाही ठरवून दिली: जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, आणि अक्षरं संपर्क क्रमांकाच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. चूक झाली तर 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

सोशल मीडियावर हे पाळताना काही खास अडचणी येतात. क्रमांक फक्त कॅप्शनमध्ये लिहिला तर चित्र फॉरवर्ड होताना कॅप्शन मागेच राहतं, म्हणून तो चित्रावरच हवा. पाच चित्रांचं कॅरोसेल असेल तर पाचही चित्रांवर, कारण लोक त्यातलं एकच पुढे पाठवतात. रीलमध्ये शेवटच्या सेकंदाला चमकून जाणारा क्रमांक कुणालाच वाचता येत नाही. तो पूर्ण वेळ कोपऱ्यात दिसला पाहिजे, आणि इन्स्टाग्रामची बटणं किंवा खात्याचं नाव त्यावर येत नाही ना हे पोस्ट करण्याआधी फोनवर बघून घ्यावं. क्यूआर कोडची गंमत अशी की, ज्या फोनवर पोस्ट बघतोय त्याच फोनने तो स्कॅन करणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून कोड चित्रावर असला तरी क्रमांक कॅप्शनमध्ये कॉपी करता येईल असा लिहावा आणि शेजारी maharera.maharashtra.gov.in हा पत्ता द्यावा.

रीलमधला सॅम्पल फ्लॅट हा आणखी एक नाजूक भाग. कलम 12 मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रकाच्या बरोबरीने सॅम्पल फ्लॅटचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यात काचेचं पार्टिशन लावून खोली मोठी भासवली असेल, फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन असेल आणि प्रत्यक्षात ग्राहकाला नुसता ओटा मिळणार असेल, तर रीलवर तसं लिहिलं पाहिजे: 'फर्निचर, सीलिंग व ट्रॉली किमतीत समाविष्ट नाहीत.'

इन्फ्लुएन्सरकडून रील करून घेतलं तर ती जाहिरात आहे हे सुरुवातीलाच दिसावं. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये याचे नियम घालून दिले आहेत. #ad किंवा 'सशुल्क भागीदारी' ही खूण वीस हॅशटॅगांच्या गर्दीत दडवून चालत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही.

सगळ्यात जास्त गळती होते ती एजंटांच्या पोस्टमधून. बिल्डरचं अधिकृत पान नीट असतं, पण पन्नास चॅनेल पार्टनर आपापली पोस्टर्स बनवतात आणि त्यात 1050 फूट, 10 मिनिटं, 7 फ्लॅट हे सगळं परत उगवतं. एजंटाचीही महारेराकडे स्वतंत्र नोंदणी लागते. बिल्डरने नोंदणी असलेल्यांनाच एक तयार चित्र आणि एक तयार मजकूर द्यावा, त्यात बदल करायचा नाही असं लेखी कळवावं, आणि आठवड्यातून एकदा प्रकल्पाचं नाव शोधून कोण काय लिहितंय ते बघावं.

दुरुस्त मजकूर

नोंदणी झाल्यानंतर, महारेराचं पान समोर ठेवून लिहिलेली तीच पोस्ट अशी होते:

"पुनावळे, पिंपरी-चिंचवड. ए इमारतीतील 2 बीएचके सदनिकांचं बुकिंग सुरू. कार्पेट क्षेत्र 68 चौ. मी. (732 चौ. फूट), बाल्कनी 5 चौ. मी. वेगळी. पहिल्या तीन मजल्यांवरील सदनिकांची किंमत 69 लाख रुपये. जीएसटी, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्कासह सुमारे 77 लाख 58 हजार. देखभाल व सोसायटी खर्च वेगळा. या टप्प्यातील सुविधा: उद्यान, मुलांसाठी खेळाची जागा, लिफ्टसाठी जनरेटर, पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था. हिंजवडी शिवाजी चौक रस्त्याने 6 किमी. महारेरावर नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख 30 जून 2030. चित्रं संगणकावर तयार केलेली आहेत. महारेरा नोंदणी क्रमांक: …… सर्व तपशील maharera.maharashtra.gov.in वर."

यात उद्गारचिन्ह नाही, पण माणसाला फोन करायचा की नाही हे ठरवायला लागणारी प्रत्येक गोष्ट आहे. ज्याचं बजेट 70 लाखांवर थांबतं तो फोन करणार नाही, आणि त्याने तो करूही नये. जो फोन करेल त्याला एकूण रक्कम आणि ताब्याची तारीख आधीच माहीत असेल.

पोस्ट टाकली म्हणजे काम संपलं असं नाही. कमेंटमध्ये 'पूल कधी होणार?' असं कुणी विचारलं आणि विक्री विभागातल्या मुलाने उत्साहात 'दिवाळीपर्यंत सर' असं उत्तर दिलं, तर तेही कंपनीचंच लेखी आश्वासन ठरतं. उत्तरं देणाऱ्याजवळ याच मजकुराची प्रत असावी आणि त्यापलीकडे त्याने जाऊ नये. प्रत्येक पोस्ट कधी टाकली, कुणी मंजूर केली आणि त्या दिवशी महारेराच्या पानावर काय होतं याचे स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये ठेवावेत. पूर्णत्वाची तारीख वाढली तर जुन्या पोस्ट शोधून दुरुस्त कराव्यात. जुनं रील दोन वर्षांनीही कुणाच्या तरी फोनवर वर येतंच.

दंडाचे आकडे मोठे आहेत, पण या सगळ्यामागचं खरं वजन कलम 12 मध्ये आहे. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत द्यावी लागते. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरावर दोन टक्के अधिक असं मोजतात. तक्रारीच्या वेळी ग्राहक पुरावा म्हणून स्क्रीनशॉटच पुढे करतो, आणि तळाचं बारीक 'अटी लागू' तेव्हा फारसं उपयोगी पडत नाही.

म्हणून फ्लॅटची पोस्ट लिहिणाऱ्याने बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही पोस्ट जशीच्या तशी विक्री करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडली, तर बिल्डर खाली सही करेल का? ज्या ओळीपाशी त्याचं पेन अडेल ती ओळ खोडायची. आणि घर घेणाऱ्याने बुकिंगच्या टेबलावर हाच प्रश्न मोठ्याने विचारावा. पोस्टचा प्रिंटआउट पुढे ठेवून 'हे करारात लिहून द्याल?' असं विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.